पडून राहिलेला माल: एबीसी आणि एजिंग रिपोर्टवरून तरतूद आणि राइट ऑफ कसे ठरवायचे

मार्चअखेरचा स्टॉक मोजून झाला की ऑडिटर हमखास विचारतो, "यातला न हलणारा माल किती?" मग टॅलीतून माल किती दिवस पडून आहे ते दाखवणारा एक एजिंग रिपोर्ट निघतो, एक्सेलमध्ये एबीसी वर्गवारी होते आणि वर्षभरापेक्षा जुन्या मालावर सरसकट २५ टक्के लावून विषय संपवला जातो. या पद्धतीत दोन गोष्टी चुकतात. नेहमीच्या एबीसीत मेलेला माल दिसतच नाही. आणि मालाचे वय म्हणजे त्याची किंमत नव्हे.

पहिली गोष्ट आधी बघू. एबीसी सहसा वर्षभराच्या वापराच्या रकमेवर करतात. सर्वांत जास्त वापराचे आयटम 'ए', त्याखालचे 'बी', उरलेले 'सी'. खरेदीचे नियोजन करायला हे ठीक आहे. पण ज्या मालाचा वापरच शून्य आहे तो आपोआप 'सी'मध्ये जाऊन पडतो, आणि 'सी'कडे कोणी बघायचे नाही हे तर आपणच ठरवलेले असते. पाच लाखांचे कास्टिंग आणि पाचशे रुपयांचे वॉशर एकाच यादीच्या शेपटीला येतात. म्हणून डेड स्टॉक शोधायचा असेल तर एबीसी दोनदा करावे लागते: एकदा वापरावर आणि एकदा शिल्लक मालाच्या रकमेवर.

पुढचे सगळे एका उदाहरणावर चालवतो. कोल्हापूर परिसरात शेतीपंप बनवणारा एक छोटा कारखाना समजा. आयटम ४००, ३१ मार्चला शिल्लक स्टॉक ८४ लाखांचा. आकडे समजायला सोपे करून घेतले आहेत, पण अडचणी अशा कारखान्यांत नेहमी दिसणाऱ्याच आहेत.

आधी यादी स्वच्छ करा

एक्सेलमध्ये आयटमवार एवढे रकाने लागतात: कोड, नाव, शिल्लक नग, दर, शिल्लक रक्कम, गेल्या १२ महिन्यांचा वापर रुपयांत, शेवटच्या आवकीची तारीख आणि शेवटच्या जावकीची तारीख. शक्य असेल तर वापर २४ महिन्यांचाही घ्या. पंपासारख्या हंगामी धंद्यात एका वर्षाच्या पावसावरून फसायला होते.

रिपोर्टवर विश्वास ठेवण्याआधी तीन ठिकाणी हात घालावा लागतो. एकाच मालाचे दोन कोड असतात. नव्या कोडवर खरेदी चालू असते आणि जुन्या कोडवर शिल्लक पडलेली असते, त्यामुळे चालणारा माल मेलेला दिसतो. एकक चुकलेले असते. वायर किलोत घेतली आणि नगात नोंदली. आणि जॉबवर्कसाठी आलेला दुसऱ्याचा माल आपल्या स्टॉकमध्ये बसलेला असतो. निगेटिव्ह शिल्लक दाखवणारा आयटम सापडला, तर त्याच्याच जोडीचा कुठलातरी आयटम जादा दाखवत असतो, हे धरूनच शोध घ्या.

मोजणी न केलेल्या स्टॉकवर हे काम करू नका. रॅकवर नसलेल्या मालाची तरतूद होत नाही, ती तूट असते आणि तिचा हिशेब वेगळा.

एबीसी दोनदा

शिल्लक रक्कम E रकान्यात आणि वार्षिक वापर F रकान्यात आहे असे धरू. यादी पुन्हा पुन्हा उतरत्या क्रमाने लावायची नसेल तर हे सूत्र चालते:

```
I2: =SUMIF(E$2:E$401,">="&E2)/SUM(E$2:E$401)
J2: =IF(I2<=0.7,"A",IF(I2<=0.9,"B","C"))
```

हेच सूत्र F रकान्यावर लावून पुढच्या दोन रकान्यांत वापराची वर्गवारी काढा. ७० आणि ९० टक्क्यांच्या रेषा काही कायद्याने आलेल्या नाहीत, तुमच्या यादीला शोभतील अशा थोड्या सरकवा.

आता प्रत्येक आयटमला दोन अक्षरे मिळाली. पहिले शिल्लक रकमेचे, दुसरे वापराचे. आमच्या कारखान्यात तांब्याची वाइंडिंग वायर ९ लाखांची पडली आहे, पण वर्षाचा वापर ६२ लाखांचा. ती ए-ए. जेमतेम पावणेदोन महिन्यांचा माल, तिच्याकडे बघायचीही गरज नाही. जुन्या मॉडेलच्या पंपाचे बॉडी कास्टिंग मात्र ६४० नग, ७८० रुपये दराने ४,९९,२०० रुपयांचे पडले आहे आणि वर्षाचा वापर ३१,२०० रुपये. हे ए-सी. फिल्टर लावून फक्त ए-सी आणि बी-सी आयटम वेगळे काढले, की ४०० आयटमांच्या यादीतून पंचवीस-तीस ओळी हातात येतात. अडकलेला पैसा बहुतेक तिथेच असतो, आणि पुढची सगळी मेहनत या ओळींवर करायची.

एजिंग रिपोर्ट वाचताना

टॅलीत Statements of Inventory खाली Ageing Analysis मिळते. ते वापरा, पण ते कसे बनते हे माहीत असू द्या. वय काढण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि त्यांची उत्तरे पार वेगळी येतात.

पहिली पद्धत शेवटच्या आवकीची तारीख बघते आणि सगळी शिल्लक त्या वयाची धरते. दुसरी पद्धत फिफोची: जुना माल आधी गेला असे मानून, उरलेली शिल्लक सर्वांत ताज्या आवकींवर मागे मागे वाटत जायची. एका बेअरिंगचे उदाहरण घ्या. शिल्लक ५०० नग. फेब्रुवारीत १२० आले, नोव्हेंबरमध्ये ८० आले, त्याआधीची मोठी खेप दीड वर्षापूर्वीची. फिफोने १२० नग तीन महिन्यांच्या आतले, ८० नग तीन ते सहा महिन्यांतले आणि ३०० नग वर्षापेक्षा जुने. पहिल्या पद्धतीने मात्र पाचशेच्या पाचशे ताजे. छोटी खरेदी करून जुना ढीग तरुण दाखवता येतो, म्हणून अहवालावर पद्धत कोणती हे लिहिलेले नसेल तर तो बाजूला ठेवा.

फिफोचा रिपोर्टही फसतो. एका गोडाऊनमधून दुसऱ्यात माल हलवला, की काही सॉफ्टवेअर ती नवी आवक समजते. डीलरने परत केलेला पंप सेल्स रिटर्न म्हणून आत आला, की त्याचे वय शून्य होते. नवा कोड उघडून स्टॉक जर्नलने शिल्लक वळवली तरी तेच. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या आवकीमागे पुरवठादाराचे बिल किंवा गेटवरची आवक नोंद नाही, ती वयासाठी धरायची नाही. मार्चमध्ये जेवढे नग बाहेर तेवढेच नग आत असा आयटम दिसला, तर व्हाउचर उघडून बघाच. बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ठरावीक दिवसांपेक्षा जुना माल ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे मालाच्या तारणावर उचलता येणाऱ्या रकमेला, धरत नाहीत, त्यामुळे वय कमी दाखवण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो.

वयाशेजारी आणखी एक रकाना मी नेहमी मांडतो: शिल्लक किती महिने पुरेल. शिल्लक नग भागिले महिन्याचा सरासरी वापर. जुने बॉडी कास्टिंग इथेच पकडले जाते. त्याची शेवटची जावक तीन आठवड्यांपूर्वीची आहे, कारण डीलर दुरुस्तीसाठी अधूनमधून एखादे मागतात. शेवटच्या जावकीवर चालणाऱ्या रिपोर्टमध्ये हा माल हलताच आहे. पण वर्षाला ४० नग या वेगाने ६४० नग संपायला १६ वर्षे लागतील.

उलट बाजूही बघा. तीन एचपीचे ७० तयार पंप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बनवून ठेवले आहेत. ३१ मार्चला ते तीन ते पाच महिन्यांचे दिसतात आणि नव्वद दिवसांच्या नियमाने स्लो मूव्हिंग ठरतात. पण शेतीपंप उन्हाळ्यात खपतो, आणि हंगामासाठीच तर ते बनवले. गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेची विक्री काढून दाखवली की प्रश्न मिटतो.

रॅकसमोर उभे राहून

ए-सी आणि बी-सीची पंचवीस-तीस ओळींची यादी घेऊन स्टोअरमध्ये जा. सोबत स्टोअरकीपर, प्रॉडक्शनचा माणूस आणि विक्रीवाला हवा. ही बैठक केबिनमध्ये घेऊ नका. तिथे प्रत्येक माल "लागेल कधीतरी" असतो.

प्रत्येक आयटमला विचारायचे ते एवढेच: हा माल का उरला, आज तो कुठल्या चालू मॉडेलला बसतो, आणि नसेल बसत तर कोण, किती रुपयांना घेईल? उत्तर आणि उत्तर देणाऱ्याची सही त्याच ओळीत. बिन कार्डावरची नोंद आणि मालाची स्थिती स्वतः बघा: गंज, ओल, पाकिटावरची मुदत.

मशिनच्या सुट्या भागांपाशी जरा थांबा. भट्टीच्या ब्लोअरची राखीव मोटर चार वर्षे हललेली नसते आणि ती हलली नाही हेच बरे. असा मोठा राखीव भाग मालमत्ता, यंत्रसामग्री आणि उपकरणांच्या व्याख्येत बसत असेल, तर लेखामानक १० प्रमाणे तो स्टॉकमध्ये राहतच नाही, यंत्रसामग्रीत जाऊन त्यावर घसारा लागतो. त्याला डेड स्टॉकच्या यादीतून काढा.

किंमत किती धरायची

आता नियम. लेखामानक २ सांगते की स्टॉक त्याचा मूळ खर्च किंवा निव्वळ वसुलीयोग्य किंमत, यांतल्या कमी रकमेला दाखवायचा. निव्वळ वसुलीयोग्य किंमत म्हणजे अंदाजे विक्री किंमत, त्यातून माल पूर्ण करायचा खर्च आणि विकायचा खर्च वजा. तुलना सहसा आयटमवार करायची, सारखे आयटम असतील तर गटवार. सगळा स्टॉक एकत्र धरून "एकूण नफाच आहे" असे म्हणता येत नाही. इंड एएस २ लागू असणाऱ्या कंपन्यांनाही निकष हाच. वय या व्याख्येत कुठेच नाही. वय फक्त संशय घ्यायला उपयोगी.

जुन्या बॉडी कास्टिंगवर हे लावून बघू. माल एकसंध असला तरी त्याची किंमत दोन भागांत पडते. डीलर वर्षाला ४० नग ११०० रुपयांना घेतात. त्यातून मशिनिंग १५० आणि वाहतूक ५० वजा जाता ९०० उरतात, म्हणजे ७८० च्या वर. पण ही मागणी किती वर्षे टिकेल? विक्रीवाल्याच्या मते ते पंप शेतात अजून तीन-चार वर्षे चालतील. आपण तीन धरू. १२० नगांना धक्का नाही, ते ७८० लाच राहतील. उरलेले ५२० नग भंगार. एका नगाचे वजन ९ किलो. बिडाच्या भंगाराचा भाव आज ३२ रुपये मिळतो आणि भरणे-वाहतुकीचे २ रुपये जातात असे धरले, तर किलोला ३० रुपये, नगाला २७० रुपये. घट नगाला ५१०, एकूण २,६५,२०० रुपये. वर्षाच्या वर गेला म्हणून २५ टक्के लावले असते तर १,२४,८०० आले असते, निम्म्याहूनही कमी. शंभर टक्के लावले असते तर भंगाराची किंमत आणि १२० चांगले नग दोन्ही बुडाले असते.

कच्च्या मालाला एक वेगळा नियम आहे आणि तो फार विसरला जातो. ज्या तयार मालात तो जाणार, तो तयार माल खर्चाला किंवा त्याच्या वर विकला जाणार असेल, तर कच्च्या मालाची किंमत खाली आणायची नाही. आमच्याकडे मेकॅनिकल सीलचे १४०० नग आहेत, ९५ रुपयांचे. दोन वर्षांपूर्वी सवलत मिळाली म्हणून २००० घेतले, महिन्याला २५ लागतात. माल हळू हलतो, पण तो ज्या पंपात बसतो तो पंप फायद्यात विकला जातो. म्हणून नुसत्या वयावर तरतूद नाही. अडचण दुसरीच निघाली: सीलमध्ये रबर आहे आणि पाकिटावरची मुदत संपायला २४ महिने उरले आहेत. तेवढ्यात ६०० नग लागतील, ८०० उरतील. पुरवठादार ते ३० रुपयांनी परत घ्यायला तयार आहे. तरतूद ८०० गुणिले ६५, म्हणजे ५२,००० रुपये. पुरवठादाराचा होकार ईमेलवर घ्या, ऑडिटर तोच मागेल.

ताळेबंदाच्या तारखेनंतरची विक्रीही पुरावा ठरते. एप्रिल-मेमध्ये तोच माल खर्चाखाली विकला गेला, तर ३१ मार्चलाच त्याची किंमत घसरलेली होती असे बहुतेक वेळा धरावे लागते. म्हणून हिशेब बंद करण्याआधी एप्रिलनंतरची बिले ए-सी यादीशी जुळवून घ्या.

आता सी-सीची शेपटी. दोन वर्षांपेक्षा जुने २३० किरकोळ आयटम, मिळून १,८०,००० रुपये. प्रत्येकाची किंमत विचारत बसायला कुणाला वेळ नाही, आणि इथे टक्केवारी चालते. फक्त ती स्वतःच्या अनुभवातून यायला हवी. गेल्या तीन वर्षांत अशा मालाच्या विक्रीची बिले काढली, तर खर्चाने दीड लाखाच्या मालाचे ३०,००० आले. वसुली २० टक्के, म्हणून तरतूद ८० टक्के, १,४४,००० रुपये. कुठूनतरी उचललेल्या २५-५०-१०० च्या तक्त्यापेक्षा हा आकडा आयकर अधिकाऱ्यासमोरही जास्त तग धरतो. करपात्र उत्पन्न मोजण्यासाठीच्या आयकराच्या मानकांत, म्हणजे आयसीडीएस २ मध्येही, खर्च किंवा निव्वळ वसुलीयोग्य किंमत यांतली कमी रक्कम हाच निकष आहे, त्यामुळे आयटमवार काढलेली घट वेगळी आणि आधार नसलेली सरसकट तरतूद वेगळी. दुसरी नाकारली जाण्याचा धोका मोठा.

तरतूद की राइट ऑफ

माल रॅकवर आहे, काहीतरी मिळणार आहे, फक्त किती आणि केव्हा हे नक्की नाही: तिथे तरतूद. नग पुस्तकात तसेच राहतात, रक्कम खाली येते. माल निकामी झाला, कुजला, फेकावा लागणार किंवा सापडतच नाही: तिथे राइट ऑफ, आणि नगही पुस्तकातून बाहेर जातात.

आमच्या यादीत २,६५,२०० अधिक ५२,००० अधिक १,४४,०००, मिळून ४,६१,२०० रुपयांची तरतूद होते. नोंद अशी:

```
स्टॉक मूल्यघट खर्च खाते      नावे   4,61,200
   स्टॉक मूल्यघट तरतूद खाते    जमा   4,61,200
```

ताळेबंदात ही तरतूद स्टॉकमधून वजा होऊन दिसते. आयटमच्या खात्यातला दर हाताने बदलू नका. बदललात तर पुढच्या वर्षी मूळ खर्च किती होता हे कुणालाच सांगता येत नाही.

राइट ऑफचे एकच उदाहरण आहे. पावसाळ्यात गळक्या छताखाली ३८ स्टार्टर पॅनल भिजले, बाहेरून विकत घेतलेले, २१०० रुपयांचे, एकूण ७९,८०० चे. इलेक्ट्रिशियनने लेखी दिले की दुरुस्त होणार नाहीत. इथे जीएसटी मधे येतो. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरी गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा राइट ऑफ केलेल्या मालावरचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. खरेदीवर १८ टक्के घेतले होते, म्हणजे १४,३६४ रुपये उलटवावे लागतील आणि खरा तोटा ९४,१६४ चा होईल. आपण बनवलेला तयार माल असेल, तर त्यात गेलेल्या कच्च्या मालावरचे क्रेडिट शोधून उलटवायचे.

म्हणून जो माल भंगारात का होईना विकला जातो, तो राइट ऑफ करण्याची घाई करू नका. बॉडी कास्टिंग जीएसटी लावून बिलावर भंगारात विकले, तर तो करपात्र पुरवठा होतो आणि क्रेडिट उलटवण्याचा प्रश्न सहसा येत नाही. नुसत्या मूल्यघटीच्या तरतुदीने माल राइट ऑफ झाला असेही सहसा धरत नाहीत. पण एखाद्या आयटमची किंमत पूर्ण शून्यावर आणायची असेल, तर आपल्या कर सल्लागाराचे मत लेखी घेऊन मगच. भिजलेल्या मालाबाबतही तेच, आणि विमा असेल तर माल हलवण्याआधी सर्व्हेअरला बोलवा.

फाइलमध्ये काय हवे ते लगेच गोळा करा: भंगारवाल्याचे कोटेशन तारखेसह, माल तोलल्याची पावती, रॅकचे फोटो, प्रत्येक ओळीवरची सही आणि मालकाची किंवा संचालक मंडळाची मंजुरी. कोटेशन ३१ मार्चच्या आसपासचे हवे. सप्टेंबरमध्ये ऑडिट सुरू झाल्यावर आणलेल्या भावाने मार्चची किंमत सिद्ध करणे जड जाते.

पुढच्या वर्षी तीच शीट

तरतूद केलेला माल विकला गेला, की तेवढी तरतूद त्याच महिन्यात वापरून टाका, नाहीतर तोच तोटा दोनदा दिसतो. समजा ऑगस्टमध्ये ५२० पैकी २०० कास्टिंग भंगारात गेली. २०० गुणिले ५१०, म्हणजे १,०२,००० रुपये तरतूद खात्यातून कमी होतील आणि ३२० नगांची १,६३,२०० शिल्लक राहील. वर्षअखेरीला पुन्हा भाव काढायचा. बिडाचा भाव वर गेला असेल तर जादाची तरतूद उलटते, पण मूळ ७८० च्या वर कधीच नाही.

आणि ए-सी यादीतल्या प्रत्येक कोडवर खरेदीला कुलूप लावा. तरतूद करून ठेवलेल्या आयटमची नवी ऑर्डर त्याच महिन्यात निघालेली मी एकाहून अधिक कारखान्यांत पाहिली आहे. स्टोअरला पुरेसे नग दिसत होते, पण खरेदी खात्याची मिनिमम लेव्हल जुन्या वापरावर बांधलेली होती आणि ती कोणी बदलली नव्हती. मिनिमम लेव्हलचा रकाना याच शीटमध्ये जोडला, तर शिल्लक महिन्यांच्या शेजारी ती विसंगती लगेच दिसते.